जेके फ्लिप-फ्लॉपची दुसरी आठवण

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या बुधवार पेठेतून मी एक ७४०० आणि एक ७४१० अशा दोन आयसी आणल्या आणि ब्रेडबोर्डवर जेके फ्लिप-फ्लॉप जोडला. पुस्तकातली आकृती अगदी सोपी होती. दोन नॅन्ड गेट एकमेकांत उलटसुलट गुंतवलेले. हा झाला लॅच, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारी जागा. त्याच्या आधी तीन-तीन इनपुटचे आणखी दोन नॅन्ड गेट, दारावरच्या पहारेकऱ्यांसारखे. एका पहारेकऱ्याकडे जे, क्लॉक आणि क्यू-बार. दुसऱ्याकडे के, क्लॉक आणि क्यू. जे आणि के दोन्ही पाच व्होल्टला बांधले की हा फ्लिप-फ्लॉप टॉगल करतो, असं पुस्तक सांगत होतं. क्लॉकचं बटण एकदा दाबलं की क्यूचा दिवा लागायला हवा, पुन्हा दाबलं की विझायला हवा.

बटणाचे संपर्क थरथरतात हे तोपर्यंत कळलेलं होतं. म्हणून ७४००मधल्या उरलेल्या दोन गेटचा आणखी एक लॅच करून बटणाची थरथर आधीच काढून टाकली होती. तरीही टॉगल होईना. बटण दाबून धरलं की क्यू आणि क्यू-बारचे दोन्ही एलईडी एकदम पेटायचे. ही दोन आउटपुटं तर कायम एकमेकांच्या उलट असायला हवीत! बटण सोडलं की त्यातला एक विझायचा, आणि बहुतेक वेळा तोच विझायचा. मधूनच कधीतरी दुसरा.

सरांनी उत्तर दिलं ते आजही प्रत्येक तोंडी परीक्षेत दिलं जातं: ही रेस-अराउंड कंडिशन. क्लॉकचा पल्स गेटच्या विलंबापेक्षा लांब असला की आउटपुट बदलतं, बदललेलं आउटपुट परत इनपुटला जातं, त्यामुळे ते पुन्हा बदलतं, आणि पल्स संपेपर्यंत शून्य-एक-शून्य-एक चालू राहतं. पल्स संपेल तेव्हा जे असेल ते हाती. उपाय: मास्टर-स्लेव्ह किंवा एज ट्रिगरिंग.

उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. दोन्ही दिवे का पेटले, हे त्यातून कळत नाही. आणि एज ट्रिगरिंगने नेमकं काय बदललं, तेही कळत नाही. या दोन प्रश्नांचा मागोवा घेत गेलो की शंभर वर्षांमागच्या काचेच्या नळ्यांपर्यंत जावं लागतं. कारण टॉगल करणाऱ्या प्रत्येक मंडळाला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: आता काय व्हायचं आहे, आणि आधी काय होतं. पहिली आठवण ठेवायला लॅच आहे. दुसरी कुठे ठेवायची, याचाच हा सगळा इतिहास आहे.

आधी माझ्या ब्रेडबोर्डवर काय घडत होतं ते पाहू. ७४०० जातीच्या एका गेटला आपलं आउटपुट बदलायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. हिशेबासाठी चारही गेट सारखेच धरू. सुरुवातीला क्यू शून्य, क्यू-बार एक. शून्याव्या नॅनोसेकंदाला क्लॉक वर गेला. जे-कडच्या पहारेकऱ्याची तिन्ही इनपुटं आता एक झाली, म्हणून दहाव्या नॅनोसेकंदाला त्याचं आउटपुट खाली आलं. त्यामुळे विसाव्याला क्यू वर गेला. इथपर्यंत सगळं मनासारखं.

तिसाव्या नॅनोसेकंदाला दोन गोष्टी एकदम घडतात. क्यू वर गेल्यामुळे क्यू-बार खाली येतो. हे हवंच होतं. पण त्याच क्यूमुळे के-कडच्या पहारेकऱ्याचीही तिन्ही इनपुटं एक झालेली असतात, कारण क्लॉक अजून वरच आहे. म्हणून त्याचंही आउटपुट खाली येतं. तो खाली आला की क्यू-बारला वर ढकलतो. चाळिसाव्याला क्यू-बार परत वर. म्हणजे क्यू-बार खाली राहिला तो फक्त दहा नॅनोसेकंद. पुढे पन्नासाव्याला क्यू खाली जातो, साठाव्याला परत वर येतो. सत्तराव्याला क्यू-बार पुन्हा खाली, ऐंशीव्याला पुन्हा वर. दर ४० नॅनोसेकंदांनी हेच चक्र, आणि प्रत्येक आउटपुट त्यातले ३० नॅनोसेकंद वर. पुस्तकात छापलेली सारख्या रुंदीची शून्य-एकची नक्षी इथे दिसत नाही. क्यू आणि क्यू-बार बहुतेक काळ दोघेही वरच असतात. डोळ्याला दोन्ही दिवे पेटलेले दिसणार, यात नवल नाही.

प्रत्यक्षात आणखी एक शक्यता असते. दहा नॅनोसेकंदांचा तो खड्डा खऱ्या गेटला नेहमी पेलत नाही. गेटला थोडा जडपणा असतो. त्याच्या विलंबाइतकाच अरुंद पल्स आला तर तो पुढे जाईपर्यंत मरूनही जातो. तसा तो मेला तर मंडळ एका जागी थांबतं: दोन्ही पहारेकरी खाली, क्यू आणि क्यू-बार दोन्ही वर. कागदावर ताडून पाहा, ही स्थिती चारही गेटना मान्य आहे. क्लॉक वर असेपर्यंत ती तशीच टिकेल. मग क्लॉक खाली आला की दोन्ही पहारेकरी एकदम दार सोडतात आणि लॅचचे दोन्ही गेट एकाच वेळी खाली यायला धावतात. खरी शर्यत ही. ज्या गेटचा विलंब केसभर कमी, तो जिंकतो. आणि तो गेट आयसीच्या घडणीतूनच ठरलेला असतो. म्हणून बहुतेक वेळा एकच दिवा विझायचा आणि मधूनच दुसरा. मंडळ फिरत राहिलं होतं की थांबलं होतं, ते ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय सांगता येत नाही. शेवट मात्र दोन्हीकडे तोच: आधी क्यू काय होता याची खूण मंडळात कुठेच उरलेली नसते.

मग पल्स आखूड केला तर? पुस्तकं तेच सुचवतात. पण किती आखूड, ते याच हिशेबात घालून पाहा. के-कडचा पहारेकरी जागा होऊ नये, तर क्यू वर जायच्या आत, म्हणजे विसाव्या नॅनोसेकंदापर्यंत क्लॉक खाली यायला हवा. दुसरीकडे, लॅच पुरता उलटावा म्हणून जे-कडचा पहारेकरी तिसाव्यापर्यंत खाली धरून ठेवला पाहिजे. तो क्लॉकच्या दहा नॅनोसेकंद मागे चालतो, म्हणून क्लॉक निदान विसाव्यापर्यंत वर हवा. एक अट म्हणते विसाच्या पुढे नको, दुसरी म्हणते विसाच्या आत नको. कागदावर ही फट शून्य रुंदीची आहे. गेटचा जडपणा धरला तर काही नॅनोसेकंदांची होईल, आणि आयसी तापली की तीही सरकेल. असा पल्स पुरवून कुणी चालणारं यंत्र बांधू शकत नाही. फट रुंद करायची तर क्यूची बातमी पहारेकऱ्यापर्यंत उशिरा पोहोचेल अशी सोय करावी लागते. म्हणजे जुनी अवस्था थोडा वेळ कुठेतरी साठवावी लागते. आणि जुन्या लोकांनी अगदी हेच केलं होतं.

लंडनमध्ये विल्यम एक्लिस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन यांनी १९१८च्या जूनमध्ये एका मंडळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन ट्रायोड नळ्या, एकीचा प्लेट दुसरीच्या ग्रिडला आणि दुसरीचा पहिलीच्या ग्रिडला जोडलेला. एक वाहू लागली की दुसरी बंद पडते आणि बंदच राहते. त्यांना बिनतारी संदेशातली क्षीण चाहूल पकडून ती धरून ठेवणारा रिले हवा होता. मोजणी किंवा गणकयंत्र त्यांच्या मनात नव्हतं. पण बिट साठवणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मंडळाचा मूळपुरुष हाच.

मोजणीची गरज आली भौतिकशास्त्रातून. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अल्फा कण मोजायचे होते, आणि यांत्रिक गणक इतक्या वेगाने येणाऱ्या पल्सपुढे टिकत नव्हते. सी. ई. विन-विल्यम्स यांनी १९३२मध्ये थायरॅट्रॉन नळ्यांच्या जोड्या लावून ‘स्केल ऑफ टू’ गणक केला. प्रत्येक जोडी दर दुसऱ्या पल्सला पुढे एक पल्स पाठवायची. अशा जोड्या एकामागे एक लावल्या की शेवटच्या यांत्रिक गणकापर्यंत वेग निम्म्याने, चौथाईने, आठव्या हिश्श्याने कमी होत जायचा. ही जोडी म्हणजेच टॉगल. येणारा पल्स दोन्ही नळ्यांना सारखाच मिळतो, त्याला डावं-उजवं कळत नाही. तरी प्रत्येक वेळी बाजू पालटली पाहिजे.

ती कशी पालटते, हे साध्या ट्रायोडच्या जोडीत छान दिसतं. क्रॉस जोडणीच्या प्रत्येक रोधकाला समांतर एक छोटा कपॅसिटर लावलेला असतो. समजा डावी नळी वाहते आहे. तिचा प्लेट खाली, उजवीचा प्लेट वर. त्यामुळे दोन्ही कपॅसिटरांवर वेगवेगळा दाब साठलेला आहे. आता दोन्ही ग्रिडना एकदम ऋण पल्स दिला. दोन्ही नळ्या बंद पडल्या. क्षणभर लॅचला काहीच आठवत नाही. कोण चालू होतं, कोण बंद, याचा पत्ता नळ्यांत नाही. पण डावीचा प्लेट नुकताच खालून वर उसळलेला असतो, आणि ती उसळी कपॅसिटरमधून उजवीच्या ग्रिडला पोहोचते. उजवीच्या प्लेटला उसळायला जागाच नव्हती, तो आधीच वर होता. म्हणून पल्स सरताच उजवी नळी आधी जागी होते आणि डावीला बंद ठेवते. बाजू पालटली. जुनी अवस्था त्या क्षणापुरती कपॅसिटरांच्या भारात राहिली होती.

या आठवणीला मुदत असते. रोधक १०० किलोओह्म आणि कपॅसिटर १०० पिकोफॅरड घेतला, तर त्यांचा गुणाकार १० मायक्रोसेकंद. पल्स त्याहून बराच आखूड असेल तर कपॅसिटरांमधला फरक टिकून राहतो. पल्स तिथेच रेंगाळला, ४०-५० मायक्रोसेकंद दोन्ही नळ्या बंद राहिल्या, तर दोन्ही कपॅसिटरांवरचा दाब सारखा होतो. मग पल्स संपल्यावर कोणती नळी उठेल ते नळ्यांमधल्या बारीकसारीक फरकावर. माझ्या ब्रेडबोर्डवर चार नॅन्ड गेटनी जे केलं, ते नळ्यांच्या काळातही असंच होत होतं. त्या काळचे अभियंते ‘पल्स’ हा शब्द फार काटेकोरपणे वापरायचे, त्याचं कारण हे आहे. १९४६मध्ये लोकांपुढे आलेल्या एनिॲकमध्ये दर १० मायक्रोसेकंदांनी एक पल्स धावायचा, आणि तो अरुंदच ठेवलेला असायचा. लांब चौकोनी क्लॉक असा नव्हताच. त्यामुळे लांब पल्सचा हा दोष पाठ्यपुस्तकात शिरायलाही वेळ लागला.

जेके हे नाव आलं ते याच पल्सच्या जगातून. आपल्याकडे अनेक वर्गांत सांगतात की जेके म्हणजे जॅक किल्बी, आयसीचा जनक. ही दंतकथा आहे. किल्बी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये रुजू झाले १९५८मध्ये, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पहिली आयसी दाखवली. जे-इनपुट आणि के-इनपुट हे शब्द त्याआधी पाच वर्षं, १९५३च्या एका पेटंट अर्जात आहेत, आणि तो अर्ज ह्यूज एअरक्राफ्टमधल्या एल्ड्रेड नेल्सन यांचा आहे. तिथे काम केलेल्या पी. एल. लिंडली यांनी १९६८मध्ये ईडीएन मासिकाला पत्र लिहून नावाची कहाणी सांगितली. नेल्सन फ्लिप-फ्लॉपच्या इनपुटांना ओळीने अक्षरं देत: पहिल्याला ए आणि बी, दुसऱ्याला सी आणि डी, मग ई-एफ, जी-एच. पुढच्याच्या वाट्याला जे-के आली. मधलं आय गाळलेलं. लिंडलींच्या म्हणण्याप्रमाणे आरएस, डी, टी, जेके ही आज वर्गात शिकवली जाणारी वाटणी पहिल्यांदा माँटगोमेरी फिस्टर यांच्या १९५४च्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासक्रमात आली, आणि मग १९५८च्या त्यांच्या पुस्तकातून सगळीकडे गेली. अक्षरांना दुसरा काही अर्थ नाही.

जेकेची खुबी एवढीच की आरएसमध्ये जी जोडी निषिद्ध होती, दोन्ही इनपुटं एक, तिला त्याने काम दिलं: बाजू पालट. गणक आणि नियंत्रक बांधणाऱ्यांना हे फार सोयीचं होतं. पण पालटायचं तर दुसरी आठवण हवी, आणि ती तोवर कपॅसिटरात होती.

सिलिकॉनच्या चकतीवर हा हिशेब बदलला. ट्रान्झिस्टर तिथे इवलासा आणि स्वस्त. कपॅसिटर मात्र जागा खाणारा आणि त्याची किंमत अचूक राखायला अवघड. म्हणून कपॅसिटरचं काम ट्रान्झिस्टरांनाच द्यायचं ठरलं. दुसऱ्या आठवणीसाठी सरळ दुसरा लॅच लावला. हाच मास्टर-स्लेव्ह. टेक्सासच्या ७४ मालिकेतले ७४७२, ७४७३ आणि ७४७६ हे त्याचे घरोघरचे नमुने. ज्यांनी ७४७६ हाताळला आहे त्यांना आठवत असेल, त्याचा पुरवठा नेहमीच्या कोपऱ्यात नसतो. पाच व्होल्ट पाचव्या पायाला आणि ग्राउंड तेराव्याला.

क्लॉक वर असताना मास्टरचं दार उघडं आणि स्लेव्हचं बंद. मास्टर नवी अवस्था घेतो. स्लेव्ह जुनी धरून बसलेला असतो. पहारेकऱ्यांना क्यू आणि क्यू-बार जातात ते स्लेव्हकडून, म्हणजे जुनेच. मास्टर उलटला तरी पहारेकऱ्यांना त्याची बातमी लागत नाही, म्हणून तो पुन्हा उलटत नाही. क्लॉक खाली आला की मास्टरचं दार लागतं आणि मग स्लेव्ह त्याची नक्कल करतो. पल्स कितीही लांब असो, पालट एकदाच. कपॅसिटरातल्या आठवणीला मुदत होती. लॅचमधल्या आठवणीला नाही. टॉगलचा प्रश्न इथेच सुटला, असं म्हणायला हरकत नाही.

पण एक नवा दोष आला, आणि माझ्या मते एज ट्रिगरिंगचं खरं कारण या दोषात आहे. टॉगलपुरतं जे आणि के एकला बांधलेले असतात. खऱ्या यंत्रात ते दुसऱ्या गेटांकडून येतात आणि बदलताना क्षणभर खोटे उडतात. समजा ७४७६चा क्यू शून्य आहे, जे आणि के दोन्ही शून्य, म्हणजे काहीच बदलायचं नाही. क्लॉक वर आहे. या काळात जे-वर मागच्या गेटांच्या गडबडीतून वीसेक नॅनोसेकंदांचा एक खोटा टोला आला. क्यू-बार एक असल्यामुळे जे-चा पहारेकरी जागा आहे. त्याने मास्टरला एक करून टाकलं. टोला गेला, जे परत शून्य झाला, पण मास्टर एकच राहिला. त्याला परत शून्य करणार कोण? के-चा पहारेकरी, आणि त्याला तर स्लेव्हचा क्यू शून्य असल्यामुळे बोलायची परवानगीच नाही. क्लॉक खाली आला की स्लेव्ह ती चूक जशीच्या तशी बाहेर दाखवतो. इंग्रजी पुस्तकं याला ‘वन्स कॅचिंग’ म्हणतात, आलेला एक पकडून ठेवणं. डेटाशीटमध्ये म्हणूनच ताकीद असते: क्लॉक वर असेपर्यंत जे आणि के हलता कामा नयेत.

हा दोष ओळखायची खूण सांगतो. गणक मंद क्लॉकवर चुकतो आणि वेगवान क्लॉकवर बरोबर चालतो, किंवा क्लॉकचा वरचा भाग अरुंद केला की चुका कमी होतात, असं दिसलं तर हे पकडणं तपासा. पल्स जितका लांब, तितका वेळ मास्टरचे कान उघडे. म्हणजे पल्स आखूड ठेवायचं जुनं बंधन मागच्या दाराने परत आलंच.

एज ट्रिगरिंगने हे कान बंद केले. त्याची सगळ्यात सुबक रचना ७४७४ या डी फ्लिप-फ्लॉपमध्ये आहे: सहा नॅन्ड गेट, म्हणजे तीन लॅच. शेवटचा लॅच क्यू धरतो. त्याच्या आधीचे दोन लॅच त्याला प्रत्येकी एक तार पाठवतात, एक ‘कर’ म्हणणारी आणि एक ‘पूस’ म्हणणारी. या तारा खाली आल्या की बोलतात. क्लॉक खाली असताना दोन्ही तारा वर, म्हणजे गप्प. शेवटचा लॅच निवांत आहे, आणि डी-वर जे काही येतं-जातं ते आतल्या दोन गेटांपर्यंत पोहोचून दाराशी उभं असतं. क्लॉक वर जाताच दोनपैकी एकच तार खाली येते. कोणती, ते त्या क्षणी दाराशी काय उभं होतं त्यावर. आणि खाली आलेली ती तार दोन कामं करते. दुसऱ्या तारेला वरच जखडते. शिवाय डी-कडून येणारी वाट अशी अडवते की आता डी बदलला तरी त्याचा आवाज आत पोहोचत नाही. दार उघडण्याची क्रियाच दार लावते. क्लॉक वर असो, तासभर वर असो, डी नाचो, काही होत नाही. क्लॉक पुन्हा खाली येऊन परत वर चढेपर्यंत हा फ्लिप-फ्लॉप बहिरा असतो.

यावर जेके करायचा तर डी-ला ही किंमत द्यायची: `D = J·Q' + K'·Q`. दोन्ही एक ठेवले की उरतं `D = Q'`, म्हणजे टॉगल. आता पुन्हा नॅनोसेकंद मोजू. दार लागायला चढणीनंतर डी निदान ५ नॅनोसेकंद स्थिर हवा. याला होल्ड टाइम म्हणतात. चढणीनंतर क्यू-बार बदलून डी-पाशी येतो तो १५-२० नॅनोसेकंदांनी. बातमी पोहोचते तेव्हा दार लागलेलं असतं. शर्यत इथेही आहे, फक्त ती क्लॉकच्या पल्सशी उरलेली नाही. ती आयसीच्या आतल्या दोन विलंबांमध्ये आहे, आणि कोण जिंकणार ते बनवणाऱ्याने ठरवून दिलेलं आहे. वापरणाऱ्याच्या हातात राहतं ते एवढंच की पुढची चढण फार लवकर आणू नये. चढणीआधी डी २० नॅनोसेकंद तयार हवा, आणि क्यू बदलायला २० लागतात. म्हणून दोन चढणींत साधारण ४० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला अडीच कोटी टॉगल. वरची मर्यादा आहे, खालची नाही. पल्स आखूड ठेवण्याची अट संपली.

एलएस मालिकेतल्या ११२ या जेकेने निराळी वाट धरली. तो उतरत्या कडेवर चालतो, आणि त्यात पहारेकरी मुद्दाम सुस्त ठेवलेले आहेत. क्लॉक उतरला की लॅचची पकड लगेच सुटते, पण सुस्त पहारेकऱ्यांना ही बातमी थोडी उशिरा लागते, आणि त्या क्षणभरात ते जे-केचा जुना निकाल लॅचवर ठेवून देतात. ज्या विलंबाने चार गेटचा जेके बिघडवला, तोच विलंब इथे आठवण झाला आहे, कपॅसिटरसारखा. फक्त त्याची मुदत आता आयसीच्या आत ठरते.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जुना ७४७६ मास्टर-स्लेव्ह आहे आणि ७४एलएस७६ए उतरत्या कडेचा. पाय तेच, क्रमांक जवळपास तोच, वागणूक वेगळी. जुन्या पाटीवर नवा बसवला तर बहुतेक वेळा चालतं. पण क्लॉक वर असताना आलेला जे पकडण्यावरच एखाद्या मंडळाचं काम अवलंबून असेल, तर ते गप्प बसतं, आणि दोष शोधायला दिवस जातो. उलट बाजूनेही एज ट्रिगरिंगची स्वतःची खोड आहे: ते प्रत्येक कड मोजतं. बटणाची थरथर न काढता ते क्लॉकला जोडलं, तर एका दाबात चार-पाच पालट होतील. आणि डी नेमका कडेवरच बदलला, तर लॅच काही काळ मध्येच लटकतो, कोणत्याच बाजूला पडत नाही. चॅनी आणि मोल्नार यांनी १९७३मध्ये हे लटकणं मोजून प्रसिद्ध केलं, आणि ते कुठल्याच रचनेने पूर्ण जात नाही.

आजच्या सीमॉस चिपमधला फ्लिप-फ्लॉप पाहिला तर तो पुन्हा दोन लॅचच असतो, मास्टर आणि स्लेव्ह. तरी त्याला एज ट्रिगर्ड म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्याचा मास्टर डी जातीचा आहे. खोटा टोला आला आणि गेला, तर तोही त्याच्याबरोबर परत येतो, पकडून बसत नाही. त्यामुळे कडेच्या क्षणी जे असेल तेच पुढे जातं. दोन लॅच असणं हा ७४७६चा दोष कधीच नव्हता. दोष स्लेव्हकडून मास्टरच्या पहारेकऱ्यांना जाणाऱ्या त्या वाटेचा होता, जिने टॉगल वाचवला आणि चूक सुधारण्याचा रस्ता बंद केला. जेके म्हणून वेगळी आयसी आता नव्या यंत्रांत क्वचितच घेतात. चिप लिहिणारे लोक टॉगल असा लिहितात:

```
always @(posedge clk)
  q <= ~q;
```

यातला `posedge` हा एक शब्द लिहिला की दुसऱ्या आठवणीची सोय चिपमध्ये आपोआप होते.

डिजिटल शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रेस-अराउंडची ती शून्य-एकची नक्षी फळ्यावर काढण्याआधी मुलांना चार नॅन्ड गेटचा जेके जोडू द्या, थरथर काढलेलं बटण द्या, आणि दोन्ही दिवे पेटलेले बघू द्या. दहा-दहा नॅनोसेकंदांचा तक्ता त्यांनाच वहीत भरू द्या. एका पानात मावतो. मग त्याच बटणावर ७४७४ लावा, क्यू-बार डी-ला जोडा, आणि बटण दाबून धरून ठेवायला सांगा. दिवा एकदा पालटेल आणि हात भरून येईपर्यंत तसाच राहील.